किती पानं मांडायची?
लग्नघरातला एक छोटा फॉर्म, आणि त्यात न विचारलेल्या प्रश्नांची गोष्ट

लग्न ठरलं की आचारी पहिल्याच बैठकीत एक प्रश्न विचारतो: पानं किती? बसवाला विचारतो, सीट किती आणि कुठून? लॉजवाला विचारतो, खोल्या किती आणि कोणत्या रात्री? तिघांनाही उत्तर आकड्यातच हवं असतं. घरच्यांच्या हाती मात्र त्या वेळी आकडे नसतात, असते ती आमंत्रितांची यादी. यादीवरून आकडा काढायचा म्हणून हल्ली घरातला कुणी तरुण पुतण्या किंवा भाची गूगल फॉर्म करून व्हॉट्सॲपवर पाठवते. पंधरा दिवसांनी शीट उघडली तर उत्तरं भरपूर आलेली असतात आणि तरी आचाऱ्याला सांगण्याजोगा आकडा त्यात सापडत नाही. दोष पाहुण्यांचा नसतो. बहुतेक वेळा फॉर्म यादीकडे बघून केलेला असतो, आणि तो करायला हवा होता आचारी, बसवाला आणि लॉजवाला यांच्याकडे बघून.

हे नीट दाखवायचं तर एखादं लग्न तपशिलात घ्यावं लागेल. समजा, लग्न रत्नागिरीला आहे, मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी. बुधवारी संध्याकाळी सीमांतपूजन आणि रात्रीचं जेवण, गुरुवारी सकाळचा मुहूर्त आणि दुपारची पंगत. पुणे, मुंबई, नाशिक, बेळगाव असं बाहेरगावचं बोलावणं चौऱ्याऐंशी घरांना आहे. गावातली घरं वेगळी. उदाहरण कल्पित असलं, तरी त्यातली प्रत्येक अडचण लग्नघरात हटकून येणारी आहे.

फॉर्म कुणासाठी नाही

पहिला निर्णय प्रश्नांचा नाही, माणसांचा आहे. गावातल्या घरांना अक्षत आणि पत्रिका घेऊन जायचं असतं. ती माणसं दुपारी जेवायला येतील की नाही, याचा अंदाज घरातल्या आत्याला किंवा मोठ्या काकूला कुठल्याही फॉर्मपेक्षा चांगला असतो. त्यांना बस लागत नाही, खोली लागत नाही. त्यांच्याकडून फॉर्म भरून घेऊन आपला एकही निर्णय बदलत नाही, आणि शेजारच्या आजोबांना लिंक पाठवली तर ते दुखावतात, ते वेगळंच. त्यामुळे फॉर्म फक्त बाहेरगावच्या चौऱ्याऐंशी घरांसाठी. गावचा आकडा आत्यांच्या वहीतून येईल आणि शेवटी बेरजेत मिळवला जाईल.

बाहेरगावच्यांनाही लिंक हे आमंत्रण नव्हे. आधी फोन, मग पत्रिका आणि त्यानंतर लिंक, हा क्रम पाळला की फॉर्म रुक्ष वाटत नाही. बोलावणं झालेलं असतं, आता फक्त व्यवस्थेचं विचारलं जातंय, हे समोरच्याला कळतं.

सतरा प्रश्नांतून सहा

असा फॉर्म करायला बसलं की प्रश्न भराभर सुचतात: नाव, फोन, ईमेल, शहर, नातं, मोठी माणसं किती, मुलं किती, मुलांची वयं, शाकाहारी की मांसाहारी, जैन, उपवास, ॲलर्जी, कशाने येणार, गाडीचा नंबर, पोचण्याची वेळ, मुक्काम, परतीची तारीख. हे झाले सतरा. प्रत्येकापुढे एकच कसोटी लावायची: याचं उत्तर वाचून कोण, काय वेगळं करणार आहे? त्या माणसाचं नाव आणि ते काम सांगता आलं नाही, तर प्रश्न गळतो.

फोन नंबर गळतो, कारण लिंक त्याच नंबरवर पाठवली आहे. ईमेलवर कुणी काहीच पाठवणार नाही. शहर आणि नातं यादीत आधीच आहे. मुलांची वयं आचाऱ्याला लागतात असं वाटतं, पण त्याला वयं नको असतात, पान धरायचं की नाही एवढंच हवं असतं. म्हणून आधी त्यालाच विचारायचं की किती वर्षांपासून पूर्ण पान धरता. तो पाच म्हणाला, तर माणसांच्या प्रश्नाखालीच एक ओळ लिहायची: ‘पाच वर्षांवरची मुलं धरून.’ नियम प्रश्नाच्या खाली गेला की वेगळा प्रश्न उरत नाही. बसच्या प्रश्नाखाली याच जागी दुसरा नियम येतो, ‘मांडीवर बसणारं बाळ सोडून’, कारण चार वर्षांच्या मुलाला पान लागलं नाही तरी सात-आठ तासांच्या घाटरस्त्याला सीट लागतेच.

उरतात सहा प्रश्न आणि एक ऐच्छिक रकाना. कुटुंबाचं नाव. येणं जमणार का. बुधवारी रात्री जेवायला किती जण. गुरुवारी दुपारी किती जण. गुरुवारच्यांपैकी उपवासाचे किती. बस, स्टेशन किंवा मुक्कामाची व्यवस्था आमच्याकडून हवी का. रकाना पथ्याचा आणि इतर सूचनांचा.

नाही म्हणायला सोपं करा

दुसऱ्या प्रश्नात ‘बहुतेक येऊ’ असा तिसरा पर्याय द्यायचा मोह होतो. तो देऊ नये. आपल्याकडे जवळच्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं जड जातं. ‘बघू, प्रयत्न करतो’ हेच पुष्कळदा नकाराचं सभ्य रूप असतं. फॉर्ममध्ये ‘बहुतेक’ दिसलं की सगळे अवघडलेले लोक तिथे जाऊन बसतात. त्यांच्या मते उत्तर देऊन झालेलं असतं, म्हणून ते पुन्हा फॉर्म उघडत नाहीत, आणि आपल्या हाती मात्र काहीच आलेलं नसतं. ज्याचं ठरलं नाही त्याने फॉर्म भरलाच नाही, तर तो आपोआप ‘फोन करायचा आहे’ या यादीत राहतो. ती स्थिती जास्त खरी आहे. म्हणून लिहायचं: ‘अजून ठरलं नसेल तर ठरल्यावर भरा.’

नकाराचा पर्यायही असा हवा की तो निवडताना हात अडखळू नये. नुसतं ‘येणार नाही’ हे मोठ्या मामांच्या हातून दाबलं जाणार नाही. ‘या वेळी येणं जमणार नाही, आशीर्वाद आहेतच’ असं लिहिलं, तर ते निःसंकोच दाबतील. लवकर कळलेला नकार आचाऱ्याच्या दृष्टीने होकाराइतकाच कामाचा असतो.

एक आकडा नव्हे, दोन

‘किती जण येणार?’ हा प्रश्न साधा दिसतो, पण त्याचं उत्तर कुठल्याच जेवणाला लागू पडत नाही. पुण्याचे काका बुधवारीच येतील, त्यांचा मुलगा रजा नसल्यामुळे गुरुवारी सकाळी गाडीने पोचेल, मुंबईची मावशी सीमांतपूजनाला असेल आणि तिच्या दोन्ही सुना फक्त मुहूर्ताला. कुटुंबाने ‘पाच’ लिहिलं, तर बुधवारी पाच पानं धरायची की दोन? म्हणून प्रत्येक जेवणाचा प्रश्न वेगळा. बुधवारच्या प्रश्नात ‘0’ हा पर्याय हवाच.

आकडा लिहायला मोकळी जागा दिली की कुणी ‘चार’ लिहितो, कुणी ‘४’, कुणी ‘आम्ही दोघं आणि मुलं’. शीटला यांची बेरीज येत नाही. त्यामुळे इथे `Dropdown` घ्यायचा, 0 ते 8, आणि पर्याय इंग्रजी अंकांत. आठपेक्षा मोठं कुटुंब असेल तर ते फोनवर ठरतं.

उपवासाची पानं

जेवणाच्या निवडीचा प्रश्न तारखेवरून ठरतो, कॅटरिंगच्या छापील मेनूवरून नाही. आपल्या उदाहरणात लग्नाचं जेवण शाकाहारीच आहे, तेव्हा शाकाहारी-मांसाहारी विचारून काही बदलत नाही. पण मार्गशीर्षातला गुरुवार आहे. पुष्कळ घरांत त्या दिवशी बायका महालक्ष्मीचं व्रत करतात, दिवसभराचा उपवास संध्याकाळच्या पूजेनंतर सोडतात. दुपारच्या पंगतीला त्यांच्या पानात वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी आणि उपवासाची बटाट्याची भाजी लागणार. हा एक-दोन पानांचा प्रश्न नाही. त्यासाठी वेगळी भांडी, वेगळी शेगडी आणि साबुदाणा आदल्या रात्री भिजवायला ठरलेला आकडा लागतो. हेच लग्न शनिवारी असतं, तर हा प्रश्न गळला असता. संकष्टीला असतं, तर दुपारसाठी राहिला असता. म्हणून तारीख ठरली की मेनूच्या आधी कॅलेंडर बघावं.

प्रश्न कसा विचारायचा, यात सर्वात जास्त फॉर्म फसतात. सहज सुचतो तो `Checkboxes` हा प्रकार: साधं, उपवास, जैन, लागू असतील तिथे खूण करा. चार जणांच्या घराने ‘साधं’ आणि ‘उपवास’ दोन्हींवर खूण केली की शीटच्या एकाच चौकटीत ‘साधं, उपवास’ असा मजकूर पडतो. उपवास एकाचा की तिघींचा, ते कुठेच नोंदलेलं नसतं. त्यावर `COUNTIF` लावून ‘उपवास’ मोजलं, तर जो आकडा येतो तो घरांचा असतो, पानांचा नाही. वीस आला म्हणून वीस पानं सांगितली आणि उपवासाच्या बायका निघाल्या पस्तीस, असं होतं. उत्तरं आल्यावर हे शीटमधून दुरुस्त करता येत नाही.

त्यामुळे इथेही आकडाच मागायचा: ‘गुरुवारच्या वरच्या आकड्यापैकी उपवासाची पानं किती?’ साध्या पानांचा आकडा मागायचाच नाही, तो वजाबाकीतून मिळतो. तो वेगळा विचारला, तर काही घरांत तिन्ही आकड्यांचा मेळ बसत नाही आणि मग कोणता खरा मानायचा हा प्रश्न आपल्यापुढे येतो.

जैन पथ्याची इथे दोनच घरं असतील, आणि ती कोणती हे यादी करणाऱ्याला ठाऊक असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी एखाद्या मुलाला असेल. अशा गोष्टींना सगळ्यांपुढे प्रश्न नको. ‘खाण्याचं पथ्य, ॲलर्जी, जिना चढण्याची अडचण, आणखी काही’ असा एक मोकळा रकाना पुरतो. पुष्कळांना लागू होतं ते आकड्यात, मोजक्यांना लागू होतं ते शब्दांत, एवढंच धोरण. मात्र हा रकाना कुणीतरी ओळ न् ओळ वाचून त्या घराला फोन करणार असेल, तरच तो ठेवावा. ॲलर्जी लिहून घेऊन आचाऱ्यापर्यंत पोचवली नाही, तर ती न विचारण्यापेक्षा वाईट.

प्रवास: ज्याला लागतो त्यालाच विचारा

स्वतःच्या गाडीने येऊन मामेभावाकडे उतरणाऱ्याला बसचे प्रश्न दाखवू नयेत. गूगल फॉर्ममध्ये `Multiple choice` किंवा `Dropdown` प्रश्नावर `Go to section based on answer` ही सोय आहे. ‘व्यवस्था हवी का?’ याला ‘नको’ म्हटलं की फॉर्म तिथेच संपतो. ‘हवी’ म्हटलं की तीन प्रश्नांचं पुढचं पान उघडतं. ‘येणं जमणार नाही’ म्हणणाऱ्यालाही पहिल्याच पानावरून बाहेर सोडायचं.

त्या पुढच्या पानावर पहिला प्रश्न वाहनाचा: पुण्याहून बस, येताना आणि जाताना; बस, फक्त येताना; बस, फक्त जाताना; रत्नागिरी स्टेशनवरून न्यायला या; वाहन नको, फक्त मुक्काम. येणं आणि जाणं वेगळं विचारण्याला कारण आहे. लग्नाला आलेली बरीच मंडळी तशीच पुढे गणपतीपुळ्याला जातात किंवा कुणाच्या तरी गाडीतून परततात. जाताना तेवढीच माणसं असतील असं धरलं, तर अर्धी रिकामी बस घाट चढते आणि भाडं पूर्ण द्यावं लागतं. दुसरा प्रश्न, अशी व्यवस्था किती जणांसाठी. तिसरा, मुक्काम कोणत्या रात्री: बुधवार, बुधवार-गुरुवार दोन्ही, किंवा नको.

गाडीचं नाव आणि पोचण्याची वेळ मात्र इथे विचारायची नाही. मुंबईहून येणारे मांडवी, कोकणकन्या किंवा जनशताब्दीने येतील. महिनाभर आधी त्यांतल्या काहींची तिकिटं प्रतीक्षा यादीत असतात, ती पक्की झाली नाहीत तर गाडी बदलते, कधी दिवसही. आज लिहून घेतलेली वेळ लग्नाच्या दिवशी चुकीची ठरते आणि स्टेशनवर भलत्याच वेळी गाडी जाऊन उभी राहते. रत्नागिरी स्टेशन शहरापासून काही किलोमीटर लांब आहे, ज्येष्ठ माणसांना तिथे ताटकळत ठेवता येत नाही. ‘स्टेशनवर न्यायला या’ निवडणारी घरं दहा-बाराच असतात. त्यांना लग्नाच्या दोन दिवस आधी फोन करून गाडी विचारावी. फॉर्मने फक्त कुणाला फोन करायचा ते सांगितलं, तरी त्याचं काम झालं.

कधी पाठवायचा

रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी खुलं होतं. डिसेंबरच्या मध्यावरच्या लग्नासाठी ही खिडकी ऑक्टोबरच्या मध्यावर उघडते. तेव्हा दोन महिने आधी नुसता तारीख, गाव आणि मुहूर्ताचा निरोप जायला हवा, म्हणजे लोक तिकिटं काढतील. त्याच निरोपात फॉर्म पाठवला, तर ज्यांचं काहीच ठरलेलं नाही ते अंदाजाने भरतात आणि नंतर सगळं बदलतं. फॉर्म लग्नाच्या पाच आठवडे आधी पाठवावा, शेवटची तारीख पंधरा दिवस आधीची द्यावी, आणि आचाऱ्याला पक्का आकडा आठवडाभर आधी. मधला आठवडा फोन करण्यासाठी राखून ठेवायचा.

पाठवण्यापूर्वी लिंक ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघावी. `Limit to 1 response` चालू असेल किंवा फाइल जोडायचा प्रश्न असेल, तर फॉर्म गूगल खात्यात शिरायला सांगतो आणि निम्मी ज्येष्ठ मंडळी तिथेच फोन खाली ठेवतात. आणखी एक: फॉर्मला पानं असली की पहिल्या पानाखाली पुढे जायचं बटण असतं, आणि ते दाबून काम झालं असं समजणारे खूप असतात. व्हॉट्सॲपच्या निरोपात स्पष्ट लिहावं: ‘शेवटी “उत्तर मिळालं, धन्यवाद” असं दिसेपर्यंत भरत जा.’ ते वाक्य फॉर्मच्या सेटिंगमध्ये आपणच लिहून ठेवता येतं.

कोणत्या घराचं उत्तर?

एकाच घरातून नवरा आणि बायको दोघंही फॉर्म भरतात, तेव्हा चार पानांची आठ होतात. नावावरून हे पकडणं कठीण, कारण एक ‘जोशी परिवार’ लिहितो आणि दुसरी स्वतःचं नाव. यासाठी प्रत्येक घराला पत्रिकेचा क्रमांक द्यावा, R017 असा, फॉर्ममध्ये सहा प्रश्नांच्या आधी त्याची एक जागा ठेवावी आणि तो लिंकमध्येच भरून पाठवावा. फॉर्मच्या मेनूत आधी भरलेली लिंक मिळवण्याचा पर्याय निवडून क्रमांकाच्या जागी काहीही भरलं की `entry.` पुढे एक अंक असलेली लिंक मिळते. यादीच्या शीटमध्ये A रकान्यात क्रमांक असले, तर प्रत्येक घराची लिंक अशी तयार होते:

```
="https://docs.google.com/forms/d/e/FORM_ID/viewform?usp=pp_url&entry.123456789="&A2
```

`FORM_ID` आणि `entry` चा अंक आपल्या फॉर्मचा घालायचा. क्रमांकाच्या प्रश्नाखाली लिहायचं: ‘हा तुमच्या पत्रिकेचा क्रमांक आहे, तसाच राहू द्या.’ उत्तरांच्या शीटमध्ये वेळ A मध्ये, क्रमांक B मध्ये, नाव C, येणं D, बुधवार E, गुरुवार F, उपवास G असा क्रम ठेवला, तर एका मोकळ्या रकान्यात दोनदा आलेली घरं अशी दिसतात:

```
=COUNTIF(B$2:B,B2)>1
```

दोन्ही नावं एकाच घरची असतील तर शेवटचं उत्तर धरायचं. नावं वेगळ्या घरांची असतील, तर कुणीतरी लिंक पुढे पाठवली आहे; तिथे फोन करून दुसऱ्या घराचा खरा क्रमांक घालायचा. मूळ शीटमधून काही पुसू नये. प्रत करून तीवर दुरुस्ती करावी, आणि बेरीज त्या प्रतीवर. दुसरी तपासणी उपवासाची. उपवासाची पानं एकूण पानांपेक्षा जास्त भरली असतील, तर प्रश्न नीट वाचला गेला नाही:

```
=FILTER(B2:B,G2:G>F2:F)
```

हिशेब

आता आपल्या लग्नाचा हिशेब मांडू. पंधरा दिवस आधी शीटमध्ये त्रेसष्ट ओळी आहेत. पाच दुबार काढल्यावर अठ्ठावन्न घरं उरतात: एकोणपन्नास येणार, नऊ येणार नाहीत. त्यांची बेरीज बुधवारी ९६, गुरुवारी १५३, त्यात उपवासाची ३४. उत्तर न आलेल्या सव्वीस घरांना आठवडाभरात फोन झाले. तेरा येणार आहेत. फोनवरही तेच सहा प्रश्न त्याच क्रमाने विचारून त्याच शीटमध्ये भरायचे, म्हणजे वहीतला एक आकडा आणि शीटमधला दुसरा असं होत नाही. त्यांचे बुधवारी १४, गुरुवारी ३७, उपवासाचे ९.

बाहेरगावचे मिळून बुधवारी ११० आणि गुरुवारी १९०. आत्यांच्या वहीतून गावचे बुधवारी २५, गुरुवारी १४०, त्यांत उपवासाची ३०. आणि जे कुठल्याच यादीत नसतात ते: गुरुजी, फोटोवाले, वाजंत्री, बसचे ड्रायव्हर, हॉलवरची माणसं. गुरुवारी अशी १८ पानं धरली. आचाऱ्याला सांगायचा आकडा ठरला: बुधवारी १३५, गुरुवारी ३४८, त्यांत ७३ उपवासाची आणि २७५ साधी. बुधवारी कामावरच्या माणसांचं जेवण हॉलवाला देणार असेल तर हे बरोबर. नसेल तर तेही मिळवायचं.

बससाठी पुण्याहून येताना ३१, जाताना १६. म्हणजे येताना सतरा आसनांच्या दोन गाड्या, परतीला एकच. दुसरी गाडी एकेरी भाड्याने ठरवता येते का, हे आता महिनाभर आधीच्या अंदाजावर न राहता हातातल्या आकड्यावरून बसवाल्याशी बोलता येतं.

एका गोष्टीवर कुठलाही फॉर्म उत्तर देत नाही. बुफे असेल आणि साबुदाण्याची खिचडी सगळ्यांसमोर मांडली असेल, तर उपवास नसलेलेही ती हौसेने घेतात आणि ७३ पानांची खिचडी पहिल्या अर्ध्या तासात संपते. आकडा बरोबर असूनही उपवासाच्या बायका रिकाम्या राहतात. यावर उपाय आकडा वाढवणं नाही, वाढायची रीत बदलणं आहे. उपवासाची पंगत वेगळी बसवायची किंवा त्यांचं टेबल वेगळं ठेवून तिथे घरातलं एक माणूस उभं करायचं. तसंच, आचारी ठरलेल्या आकड्यावर थोडी सूट ठेवूनच रांधतो. ती किती, हे त्याला विचारून घ्यावं आणि आपण स्वतः वर आणखी पानं वाढवू नयेत, नाहीतर दोन्हीकडची सूट मिळून अन्न उरतं.

शीट कुणालाही जशीच्या तशी पाठवू नये. तिच्यात कुणाला मधुमेह आहे, कुणाला जिना चढवत नाही, कोण कुठल्या रात्री घराबाहेर आहे, हे सगळं असतं. आचाऱ्याला दोन जेवणांचे आकडे आणि पथ्याच्या चार ओळी, बसवाल्याला दोन आकडे आणि बस थांबायची ठिकाणं, लॉजवाल्याला रात्रींनुसार माणसं आणि तळमजल्यावरची खोली हवी असणाऱ्यांची संख्या, एवढंच कागदावर लिहून द्यावं. आणि फॉर्म पाठवण्यापूर्वी हे तीन कागद आधी कोरे मांडून बघावेत, कुठे कोणता आकडा येणार हे ठरवून. ज्या आकड्याला यांतल्या एकाही कागदावर जागा नाही, त्याचा प्रश्न पाहुण्याला विचारायचा नाही.